आकाशातून पडलेल्या तुकड्याची भरपाई कोण देतं?

प्रश्न: २०२२ च्या गुढीपाडव्याला आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून चीनच्या रॉकेटचं मोठं धातूचं कडं पडलं. नशिबानं कुणाला लागलं नाही. पण तेच कुणाच्या घरावर पडलं असतं तर भरपाई कुणी दिली असती? त्या माणसाला चीनवर केस करता आली असती का? याला काही कायदा आहे की नाही?

उत्तर: कायदा आहे आणि तो बराच स्पष्ट आहे. भरपाई देणं चीनवर बंधनकारक ठरलं असतं, आणि त्यासाठी चीनची चूक झाली हे सिद्ध करायचीही गरज पडली नसती. मात्र ती मागण्याचा हक्क घरमालकाकडे नसून भारत सरकारकडे असता. अंतराळ कायद्याच्या कामात मला वर्षानुवर्षं दिसत आलेली खरी अडचण या शेवटच्या मुद्द्यात आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग तिच्याबद्दलच आहे.

आधी नियमांची चौकट बघू. १९६७ च्या अंतराळ कराराने पाया घातला. अंतराळ, चंद्र किंवा इतर ग्रह यांच्यावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. आपल्या देशातली खाजगी कंपनी अंतराळात जे करते त्याची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या देशाचीच असते, आणि कंपनीला परवानगी देऊन तिच्यावर सतत देखरेख ठेवणं हे देशाचं काम असतं. अंतराळात पाठवलेल्या वस्तूची मालकी ती कुठेही पडली तरी बदलत नाही. त्याच कराराच्या सातव्या कलमात म्हटलं आहे की वस्तू सोडणारा देश तिच्यामुळे झालेल्या नुकसानीला जबाबदार असेल. हे एक वाक्य पुरेसं नव्हतं, म्हणून १९७२ मध्ये स्वतंत्र दायित्व करार झाला. भारत १९७९ मध्ये आणि चीन १९८८ मध्ये त्यात सामील झाला. दोन्ही देश करारात असल्यामुळे लाडबोरीचा प्रश्न थेट त्याच्या चौकटीत बसतो.

दायित्व करारात जबाबदार धरायच्या देशाला प्रक्षेपक राष्ट्र म्हणतात. ज्याने प्रक्षेपण केलं तो, ज्याने ते करवून घेतलं तो, ज्याच्या भूमीवरून ते झालं तो आणि ज्याची सुविधा त्यासाठी वापरली गेली तो, असे चारही देश यात येतात. एका उपग्रहाला दोन-तीन प्रक्षेपक राष्ट्रं असू शकतात, आणि नुकसान झालेल्या देशाला त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. त्यांनी आपापसात वाटणी कशी करायची हे तेच बघतात. शिवाय अंतराळातली वस्तू म्हणजे फक्त उपग्रह नाही. तिचे सुटे भाग आणि तिला वर नेणाऱ्या रॉकेटचे तुकडेसुद्धा व्याख्येत स्पष्टपणे घेतलेले आहेत. लाडबोरीच्या दृष्टीने हा भाग निर्णायक आहे, कारण तिथे पडलेलं कडं उपग्रहाचं नव्हतं. परदेशी अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदी जुळवून ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं असल्याचं सांगितलं. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेलं होतं, म्हणजे तो टप्पा वर्षभराहून जास्त काळ पृथ्वीभोवती फिरत होता आणि हळूहळू खाली येत होता. रॉकेट चीनचं आणि प्रक्षेपणाची जागाही चीनमधली, त्यामुळे इथे प्रक्षेपक राष्ट्र कोण यावर वाद घालायला फारशी जागा नव्हती.

जबाबदारीचे प्रकार दोन आहेत. नुकसान जमिनीवर झालं किंवा उडत्या विमानाचं झालं, तर दायित्व निरपवाद आहे. प्रक्षेपण नीट झालं होतं, कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, टप्पा खाली आणण्याची सोयच त्या रॉकेटमध्ये नव्हती, असलं काहीही ऐकून घेतलं जात नाही. सुटका एकाच मार्गाने होते: दावा करणाऱ्या देशाने किंवा त्याच्या माणसांनी स्वतःच गंभीर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम काही केलं असेल आणि त्यातून नुकसान झालं असेल, तर जबाबदारी तेवढ्या प्रमाणात कमी होते. स्वतःच्या घरात बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा बचाव टिकणार नाही. नुकसान अंतराळातच झालं, म्हणजे एका उपग्रहावर दुसरा आदळला, तर मात्र चूक सिद्ध करावी लागते. १० फेब्रुवारी २००९ रोजी सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर इरिडियम ३३ हा अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा रशियाचा बंद पडलेला उपग्रह एकमेकांवर आदळले. कोणीही दावा केला नाही. बंद उपग्रहाला बाजूला होताच येत नव्हतं, चालू उपग्रहाने बाजूला व्हायला हवं होतं का, याला उत्तर देणारा बंधनकारक नियम नव्हता. त्यात इरिडियम ३३ स्वतः बैकानूरहून रशियन प्रोटॉन रॉकेटने वर गेलेला होता, म्हणजे दोन्ही बाजूंना रशिया प्रक्षेपक राष्ट्र होतं.

आता लाडबोरीची कल्पना पुढे नेऊ. समजा ते कडं एका घराच्या छपरातून आत आलं, भिंत पडली, एक माणूस जखमी झाला आणि गोठ्यातली म्हैस मेली. करारातल्या नुकसानीच्या व्याख्येत मृत्यू, इजा, आरोग्याची हानी आणि मालमत्तेचं नुकसान येतं. घर, म्हैस, दवाखान्याचा खर्च, हे सगळं सरळ बसतं. जखमी माणसाचा बुडालेला रोजगार बसतो का, यावर मतभेद आहेत. माझं मत बसतो असं आहे, कारण बाराव्या कलमाप्रमाणे भरपाई इतकी असली पाहिजे की नुकसान झालं नसतं तर जी स्थिती असती ती पुन्हा यावी. शेताजवळ कडं पडल्यामुळे पुढे जमिनीचा भाव उतरला, असला लांबचा दावा मात्र टिकेल असं मला वाटत नाही.

घरमालक स्वतः काय करू शकला असता? भारतातल्या न्यायालयात चीनवर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ आडवं येतं. परदेशी राष्ट्रावर दावा लावण्यासाठी केंद्र सरकारची लेखी संमती लागते. चीनमध्ये जाऊन तिथल्या न्यायालयात दाद मागायला दायित्व करार आडकाठी करत नाही, पण सिंदेवाहीच्या शेतकऱ्याला ते कसं जमणार? तिसरा मार्ग म्हणजे भारत सरकारने राजनैतिक मार्गाने चीनकडे मागणी करणं, आणि करार मुळात याच मार्गासाठी लिहिलेला आहे. त्यासाठी आधी कुठल्याही स्थानिक न्यायालयात जाऊन हात टेकावे लागत नाहीत, ही मोठी सवलत आहे. फक्त एकाच नुकसानीसाठी न्यायालयीन दावा आणि राजनैतिक मागणी एकाच वेळी चालवता येत नाही.

मात्र करार सरकारला मागणी करण्याची मुभा देतो, सक्ती करत नाही. परराष्ट्र मंत्रालयाला वाटलं की सध्या चीनशी या विषयावर बोलायचं नाही, तर करारात घरमालकाच्या बाजूने काहीच नाही. नागपूर खंडपीठापुढे रिट याचिका करून सरकारला या मागणीचा विचार करायला सांगावं अशी विनंती करता येईल. पण मागणी कराच, असा आदेश न्यायालय देईल अशी आशा मी कोणालाही दाखवणार नाही, कारण परराष्ट्र व्यवहारात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. पैसे आलेच तर ते भारत सरकारकडे येतात. ते पीडिताला कसे आणि किती दिवसांत द्यायचे यावर करार गप्प आहे.

मुदत एक वर्षाची आहे. ती नुकसान झाल्याच्या दिवसापासून किंवा प्रक्षेपक राष्ट्र कोण हे कळल्यापासून मोजतात. देशाला हे नुकसान माहीतच नसेल किंवा वस्तू कोणाची हे ओळखता आलं नसेल, तर सवलत मिळते. पण योग्य काळजी घेतली असती तर जेव्हा कळायला हवं होतं, त्या दिवसानंतर वर्षभरात मागणी यायला हवी. नुकसानीचा पूर्ण आकडा हाती नसला तरी मागणी आधी दाखल करावी आणि नंतर ती सुधारावी, याची सोय करारातच आहे. हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण जखमी माणसाचं अपंगत्व किती हे कळायलाच कित्येकदा वर्ष जातं.

असा अधिकृत दावा आजवर एकदाच झाला आहे. १८ सप्टेंबर १९७७ रोजी सोव्हिएत संघाने कॉसमॉस ९५४ हा समुद्रावर पाळत ठेवणारा उपग्रह सोडला. त्याला वीज मिळायची ती युरेनियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीतून. तो नियंत्रणाबाहेर गेला आणि २४ जानेवारी १९७८ रोजी कॅनडाच्या उत्तर-पश्चिम भागावर वातावरणात शिरून फुटला. ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून बेकर लेकच्या दिशेने सुमारे सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात किरणोत्सारी तुकडे विखुरले. कडाक्याच्या थंडीत, बर्फावर, कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी ते शोधायला सुरुवात केली. शोध आणि सफाई त्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत चालली. मनुष्यहानी झाली नाही. कॅनडाला सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर खर्च आला.

कॅनडाने आपली मागणी २३ जानेवारी १९७९ रोजी सोव्हिएत संघाकडे दिली. तारीख बघा, एक वर्षाची मुदत संपायच्या बेतात. मागणी होती ६०,४१,१७४ डॉलर ७० सेंटची. पूर्ण खर्चाची नव्हे, कारण कॅनडाने सैनिकांचे नेहमीचे पगार, एरवीही झाला असता असा खर्च बाजूला काढला आणि केवळ या घटनेमुळे वाढलेला खर्च मागितला. हा निर्णय मला आजही शहाणपणाचा वाटतो. फुगवलेल्या मागणीवर समोरचा देश पहिला आक्षेप आकड्यावर घेतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

कायद्याचा खरा वाद वेगळाच होता. ना कोणी जखमी झालं, ना कोणाचं घर पडलं, मग नुकसान झालं तरी काय? कॅनडाने युक्तिवाद केला की किरणोत्सारी तुकडे पडल्यामुळे भूप्रदेशाचा काही भाग वापरण्यायोग्य राहिला नाही, म्हणजे मालमत्तेचं नुकसान झालं, आणि ते आणखी वाढू नये म्हणून केलेला सफाईचा खर्च त्याचाच भाग आहे. उपग्रह खाली येतोय याची पूर्वसूचना सोव्हिएत संघाने दिली नव्हती, हाही आक्षेप मागणीत होता. वाटाघाटी दोन वर्षांहून जास्त चालल्या आणि २ एप्रिल १९८१ रोजी समझोता झाला. सोव्हिएत संघाने ३० लाख कॅनेडियन डॉलर द्यायचे आणि प्रकरण कायमचं मिटवायचं, असं ठरलं. दायित्व करारानुसार आपण जबाबदार आहोत असं त्याने मान्य केलं नाही. त्यामुळे सफाईचा खर्च करारातल्या नुकसानीत मोडतो का, याचा निवाडा तिथे लागलाच नाही. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अंतराळातल्या अणुऊर्जा स्रोतांबद्दल तत्त्वं मंजूर केली तेव्हा शोध, पुनर्प्राप्ती आणि सफाईचा योग्य पुराव्याने दाखवलेला खर्च भरपाईत धरावा असं त्यात लिहिलं गेलं. पण ती तत्त्वं बंधनकारक नाहीत आणि अणुस्रोत असलेल्या वस्तूंपुरतीच आहेत.

वाटाघाटी फिसकटल्या तर? दावा आणि कागदपत्रं दिल्याचं कळवल्यापासून वर्षभरात तडजोड झाली नाही तर कोणत्याही एका पक्षाच्या मागणीवरून तीन सदस्यांचा दावा आयोग नेमता येतो. दोन्ही देशांचा एकेक सदस्य आणि दोघांनी मिळून निवडलेला अध्यक्ष. पण दोन्ही देशांनी आधीच मान्य केलं असेल तरच आयोगाचा निर्णय बंधनकारक होतो, नाहीतर ती शिफारस ठरते. असा आयोग आजपर्यंत एकदाही बसलेला नाही. निरपवाद दायित्व कागदावर फार भक्कम दिसतं, पण ते वसूल करण्याचा शेवटचा टप्पा मात्र समोरच्या देशाच्या मर्जीवर सोडलेला आहे. कराराचं हे सर्वांत कमकुवत कलम आहे असं मला ठामपणे वाटतं.

लाडबोरीसारख्या घटनेत प्रत्यक्ष निकाल पुराव्यावर ठरतो, आणि पुरावा पहिल्या काही तासांत तयार होतो किंवा बिघडतो. तुकडा कोणाचा हे ठरवण्याच्या पद्धती आहेत. कोणती वस्तू केव्हा आणि कोणत्या मार्गाने खाली आली याच्या कक्षेच्या नोंदी असतात. आकाशात दिसलेल्या जळत्या रेषेची वेळ आणि दिशा त्यांच्याशी जुळवतात. मग तुकड्याचा धातू, जोडकाम, त्यावरचे आकडे तपासतात. संयुक्त राष्ट्रांकडची अंतराळातल्या वस्तूंची नोंदवहीही पाहतात, पण रॉकेटचे टप्पे बरेच देश तिथे नोंदवतच नाहीत. म्हणून लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, त्यांची नेमकी वेळ आणि जागा यांना इथे एरवीपेक्षा कितीतरी जास्त किंमत आहे. त्या संध्याकाळी महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधून असे व्हिडिओ निघाले होते.

असा तुकडा पडलेला दिसला तर हात लावू नये. इंधनाच्या टाक्यांमध्ये हायड्रॅझिनसारखी विषारी रसायनं उरलेली असू शकतात. पोलीस आणि तहसीलदारांना कळवून जागेवरच पंचनामा करून घ्यावा, आणि त्यात तुकडा नेमका कुठे पडला, किती खड्डा झाला, कोणती भिंत पडली, जनावर कोणाचं, हे फोटोंसह यावं. दवाखान्याची कागदपत्रं आणि बिलं पहिल्या दिवसापासून जपावीत. कॅनडाचं उदाहरण लक्षात घेऊन सरकारी यंत्रणेनेही या घटनेमुळे झालेला जास्तीचा खर्च वेगळा नोंदवावा. तुकडा भंगारात विकू नये किंवा आठवण म्हणून घरी ठेवू नये. तो त्या देशाच्या मालकीचाच असतो, आणि त्याच्यावरच दावा उभा राहणार असतो. १९६८ च्या बचाव करारानुसार तो सापडल्याची माहिती आपल्या सरकारने प्रक्षेपक देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना द्यायची असते. त्या देशाने मागितला तर तो परत करायचा, आणि मिळवण्या-परत करण्याचा खर्च त्याच देशाने सोसायचा.

हीच गोष्ट उलट्या दिशेनेही घडते. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर मोठा दंडगोल वाहून आला, आणि तो बहुधा आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचं ऑस्ट्रेलियाच्या अंतराळ संस्थेने सांगितलं. नुकसान झालं नाही, पण झालं असतं तर चीनला विचारायचे सगळे प्रश्न आपल्याला उत्तर म्हणून द्यावे लागले असते. श्रीहरिकोटाहून आपण वनवेबचे उपग्रह नेले, तेव्हा ते परदेशी कंपनीचे असले तरी प्रक्षेपण आपल्या भूमीवरून झाल्यामुळे भारत त्यांचा प्रक्षेपक राष्ट्र झाला. खाजगी कंपन्यांना परवानगी देताना इन-स्पेस संस्थेने २०२४ च्या नियमावलीत विमा आणि सरकारला भरपाई करून देण्याच्या अटी आणल्या, त्या याच कारणासाठी. अंतराळ व्यवहारांचा संसदेने केलेला कायदा मात्र आपल्याकडे अजून नाही.

आणि शेवटी, तुमच्या प्रश्नात नसलेली पण महाराष्ट्राला लागू होणारी एक शक्यता. भारताच्याच रॉकेटचा तुकडा भारतातल्या गावावर पडला तर दायित्व करार मुळीच लागू होत नाही, कारण प्रक्षेपक राष्ट्राच्या स्वतःच्या नागरिकांचं नुकसान त्याने सातव्या कलमात वगळलं आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या नेपल्स इथे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून टाकून दिलेल्या बॅटऱ्यांच्या साहित्यातला सुमारे सातशे ग्रॅमचा तुकडा एका घराच्या छपरातून आरपार आला. तो नासाच्या साहित्यातला असल्यामुळे त्या कुटुंबाला भरपाईसाठी अमेरिकेच्याच अंतर्गत कायद्याने नासाकडे जावं लागलं. आपल्याकडे अशा माणसाचा आधार म्हणजे श्रीराम कंपनीतल्या वायुगळती प्रकरणात, एम. सी. मेहता खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिलेला निर्णय. घातक उद्योग चालवणाऱ्याला चूक नसली तरी पूर्ण भरपाई द्यावी लागेल, असं त्यात म्हटलं आहे. रॉकेटच्या प्रक्षेपणाला तो तसाच लावावा असं मी न्यायालयात मांडेन, आणि ते मान्य होण्याची शक्यता मला चांगली वाटते. पण त्यासाठी त्या माणसाला आधी दावा लढावा लागेल. ठरावीक मुदतीत ठरावीक रक्कम देणारी यंत्रणा, जशी रेल्वे अपघातांसाठी दावा न्यायाधिकरणाच्या रूपाने आहे, तशी अंतराळासाठी नाही. अंतराळ विधेयकाचा मसुदा पुढे येईल तेव्हा मी पहिल्यांदा हेच कलम शोधणार आहे.